मेथोप्रीन टाकल्यावर अळी नाही, कोष बघायचा असतो

प्रश्न: एडिसन, न्यू जर्सीला राहतो. मागच्या अंगणात पावसाचं पाणी साठवायचं 55 गॅलनचं पिंप आहे. त्यात मेथोप्रीनची तीस दिवसांची वडी टाकून आठ दिवस झाले, तरी डासांच्या अळ्या मजेत वळवळतायत. उलट आता कोषही दिसायला लागलेत. हे औषध अळ्यांचं कात टाकणं बंद करतं असं वाचलं होतं. माल बनावट निघाला का? आणखी दोन वड्या टाकू का? आणि हेच पुण्याला आईबाबांच्या टाकीसाठी पाठवलं तर चालेल का?

उत्तर:

वड्या वाढवू नका, आणि दुकानदाराशी भांडायलाही अजून जाऊ नका. तुम्ही जे बघताय त्यावरून औषध खरं की खोटं हे ठरतच नाही. जिवंत अळ्या आणि त्यांचे होणारे कोष हे मेथोप्रीन नीट चाललेलं असतानाही दिसतात. ते चाललंय की नाही हे कोषातून डास उडतो का यावर ठरतं, आणि ते तुम्ही अजून पाहिलेलं नाही.

मी अमेरिकेत डास नियंत्रणाच्या खात्यात काम करतो. पावसाळी गटारांचे चर, पाणथळ जागा, टायरांचे ढीग, लोकांची परसदारं, सगळीकडे हे औषध वापरतो. उन्हाळ्यात येणाऱ्या तक्रारींत तुमच्यासारखी तक्रार नेहमीची आहे. नवीन निरीक्षकही हेच करतात: पळीने पाणी उपसतात, अळ्या मोजतात आणि वहीत 'औषध निष्फळ' असं लिहून मोकळे होतात. म्हणून आधी हे औषध कुठे घाव घालतं ते सांगतो, मग घरच्या घरी तपासणी कशी करायची ते.

तुम्ही वाचलेल्या वाक्यातच थोडी गफलत आहे. डासाची अळी चार अवस्थांतून जाते. पहिलीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत, तिसरीतून चौथीत जाताना ती दर वेळी कात टाकते आणि अंगाने मोठी होते, पण राहते अळीच. चौथ्या अवस्थेच्या शेवटी कात टाकली की कोष होतो आणि कोषाची कात फाटली की डास बाहेर येतो. म्हणजे एकूण पाच वेळा कात पडते. मेथोप्रीन यातल्या पहिल्या तीन वेळांना जवळजवळ हात लावत नाही. डासांच्या बाबतीत चौथी वेळही बहुतेकदा पार पडते. गाडी अडते ती कोष आणि डास यांच्यामध्ये.

असं का, हे कळायला दोन हार्मोन लक्षात ठेवायचे. एकडायसोन सांगतं की कात टाकायची वेळ झाली. ज्युव्हेनाइल हार्मोन सांगतं की कात टाकून पुढे काय व्हायचं. एकडायसोन वाढलं आणि त्या वेळी ज्युव्हेनाइल हार्मोन अंगात भरपूर असलं, तर कातीखालून पुन्हा अळीच निघते. चौथ्या अवस्थेत अळी पुरेशी वाढली की मेंदूमागच्या दोन बारीक ग्रंथी ज्युव्हेनाइल हार्मोन बनवणं थांबवतात आणि त्याची पातळी खाली येते. त्यानंतर एकडायसोन वाढलं की अळीपण संपतं आणि शरीर डासाच्या बांधणीला लागतं.

मेथोप्रीन हे या ज्युव्हेनाइल हार्मोनचं माणसाने बनवलेलं सोंग आहे. कीटकाच्या पेशीत त्या हार्मोनला ओळखणारं एक प्रथिन असतं. मेथोप्रीन त्याच प्रथिनाला चिकटतं, आणि प्रथिन खरं-खोटं ओळखत नाही. ते चिकटलं की 'क्रूपेल होमोलॉग 1' नावाचं एक जनुक चालू राहतं. हे जनुक चालू असेपर्यंत डासाचे अवयव घडवणाऱ्या पुढच्या जनुकांना वाव मिळत नाही.

आता तुमच्या पिंपातल्या लहान अळीचा विचार करा. दुसऱ्या-तिसऱ्या अवस्थेतल्या अळीच्या अंगात ज्युव्हेनाइल हार्मोन तसंही भरपूर असतं. त्यात मेथोप्रीनची भर पडली तर काय बिघडणार? काहीच नाही. ती खाते, वाढते, कात टाकते, पळी बुडवली की खाली सुळकन जाते. ज्या दिवसांत हार्मोन अंगात असायलाच नको, त्या दिवसांत मेथोप्रीन घात करतं, आणि ते दिवस म्हणजे चौथ्या अवस्थेचा शेवट आणि कोषाची सुरुवात. ही खिडकी अरुंद आहे. त्या वेळी अळीच्या भोवतालच्या पाण्यात औषध हजर असलं पाहिजे. म्हणून तर ते हळूहळू झिरपणाऱ्या वडीत घालून विकतात.

तंबाखूवरच्या मोठ्या शिंगाळ्या अळीसारख्या काही कीटकांना असं हार्मोन दिलं तर त्या कोषात जातच नाहीत, आणखी एकदा कात टाकून जास्तीची अळी होतात. डासात असं सहसा होत नाही. कोष होतो, पण अर्धवट. शरीरातला काही भाग पुढे सरकलेला असतो आणि काही भाग अळीपणातच अडकलेला असतो. याचं सर्वांत स्पष्ट चित्र आतड्यात दिसतं. अळीचं आतडं पाण्यातले सूक्ष्म जीव आणि कुजका पाला पचवायला बनलेलं असतं. नेहमीच्या डासात या आतड्याच्या मोठ्या जुन्या पेशी कोष होताना मरून जातात आणि तळाशी दडलेल्या छोट्या पेशी वाढून नवं आतडं तयार करतात. एडिस इजिप्ताय या डासावर 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसलं की मेथोप्रीन दिलेल्या अळ्यांत हा पालट अडतो. जुन्या पेशी वेळेवर मरत नाहीत आणि नवं आतडं नीट उभं राहत नाही. कोष काही खात नाही, त्याच्याकडे जेमतेम दोन-तीन दिवसांचा साठा असतो. असं अर्धवट शरीर घेऊन तो पुढे जाऊ शकत नाही.

कात टाकणंच अडवणारी औषधं वेगळी आहेत. डायफ्लुबेन्झुरॉन आणि नोव्हाल्युरॉन ही त्यातली नावं. ती हार्मोनची नक्कल करत नाहीत, नव्या कातीत लागणारं कायटिन नीट बनू देत नाहीत. त्यामुळे अळी कुठल्याही अवस्थेत असो, पुढच्या कातीच्या वेळी ती जुन्या कातीत अडकून किंवा नवी कात फाटून मरते. त्या औषधाने आठ दिवसांनंतर पिंपात अळ्या वळवळत असत्या तर मीही शंका घेतली असती. दोन्ही प्रकारांना 'वाढ नियंत्रक' हे एकच नाव असल्यामुळे लोक एकाचं वर्णन दुसऱ्याला चिकटवतात.

आता तुमचं पिंप. 55 गॅलन म्हणजे साधारण 208 लिटर पाणी. डासाच्या अळीला मेथोप्रीन फारच थोडं पुरतं, अब्ज भाग पाण्यात एखादा भाग या मापात. 208 लिटरमध्ये तेवढं यायला सुमारे 0.2 मिलिग्रॅम औषध विरघळलेलं असावं लागतं, म्हणजे मिठाचे तीन-चार कण. आणि या वडीचं लेबल एका वडीला शंभर चौरस फूट पाण्याची परवानगी देतं. तुमच्या पिंपाचं तोंड जेमतेम तीन चौरस फूट. म्हणजे औषध कमी पडलंय ही शक्यता जवळपास नाही. तीन वड्या टाकल्यात तरी लहान अळ्या तशाच वळवळतील, कारण त्यांच्यावर या औषधाचा घाव बसतच नाही. शिवाय इथे लेबलवरच्या प्रमाणापेक्षा जास्त कीटकनाशक वापरणं हा कायद्याचा भंग आहे, ते वेगळंच.

आठ दिवस हा आकडाही नीट बघू. जुलै-ऑगस्टच्या उकाड्यात क्युलेक्स किंवा एडिस डासाची अळी आठवड्याच्या आसपास कोषात जाते आणि कोष दोन-तीन दिवस टिकतो. तुम्ही वडी टाकली त्या दिवशी पिंपात जे कोष होते, ते खिडकी ओलांडून गेलेले होते. त्यांच्यावर औषधाचा परिणाम झाला नाही आणि त्यातून पहिल्या दोन-तीन दिवसांत डास उडाले असणार. चौथ्या अवस्थेच्या अगदी टोकाला पोचलेल्या काही अळ्याही निसटल्या असतील. आज दिसणारे कोष त्या दिवशी लहान अळ्या असणार, म्हणजे ते पूर्ण खिडकीभर औषधात राहिलेत. तपासायचे ते हेच. पाणी गार असेल, मे महिन्यात किंवा सप्टेंबरअखेर, तर सगळंच लांबतं आणि निकालासाठी आणखी थांबावं लागतं.

तपासणी सोपी आहे. एक पांढरा प्लास्टिकचा पेला घ्या, पांढरा अशासाठी की कोष त्यात उठून दिसतो. पिंपातून कोष उचला. रोगट, सुस्त वाटणारे वगळू नका आणि चपळच तेवढे निवडू नका, जे हाती येतील ते घ्या. त्यांना पिंपातल्याच पाण्यात ठेवा, नळाच्या पाण्यात नको. वरून जुन्या पडद्याचं किंवा ओढणीचं जाळीदार कापड रबरबँडने बांधा. पेला सावलीत ठेवा, कारण उन्हात दोन बोटं पाणी इतकं तापतं की कोष त्यानेच मरतात आणि श्रेय औषधाला जातं.

सोबत तुलनेचा पेला हवा. शेजाऱ्यांच्या औषध न टाकलेल्या बादलीतून किंवा पक्ष्यांच्या पाण्याच्या भांड्यातून काही कोष आणा आणि त्यांच्याच पाण्यात, तशाच कापडाखाली, शेजारी ठेवा. हा पेला नसेल तर कोष औषधाने मेले की तुमच्या हाताळण्याने हे कळायला मार्ग नाही. तीन-चार दिवस थांबा.

मग निरखून बघा. निरोगी कोष स्वल्पविरामासारखा वाकलेला असतो, पाठीवरच्या दोन नळ्या पाण्याच्या पृष्ठभागाला टेकवून श्वास घेतो आणि पेल्यावर हाताची सावली पडली की गोलांट्या खात तळाला जातो. दिवसभरात तो गडद होतो, उडायच्या आधी तर काळपट दिसतो. डास निघून गेला की मागे पारदर्शक साल तरंगत राहते, पाठीवर उभी चीर पडलेली. मेथोप्रीनने मेलेला कोष बहुधा सरळ झालेला असतो, पोटाचा भाग मागे ताणलेला. काही फिकट पांढुरकेच राहतात, त्यांना रंगच चढत नाही. काहींत डोकं आणि छाती कातीबाहेर आलेली असते पण पाय आणि पोट आत अडकलेलं, आणि डास तसाच पाण्यावर आडवा होऊन मेलेला असतो. एखादा पूर्ण बाहेर येतो, पण पंख चुरगळलेले असतात आणि पाय पाण्यावर तोलत नाहीत. हे दृश्य एकदा पाहिलं की विसरत नाही, आणि दुसऱ्या कुठल्या कारणाने कोष इतक्या संख्येने असे मरताना मी सहसा पाहिलेले नाहीत.

पिंपात नुसतं वाकून हे दिसणार नाही. मेलेले कोष बुडतात, कुजतात, दुसऱ्या अळ्या त्यांना कुरतडतात. जिवंत ते वर दिसतात, मेलेले दिसत नाहीत, म्हणून डोळ्यांना वाटतं सगळे जिवंतच आहेत. पेल्याची खटपट त्यासाठी.

हिशोब असा. समजा पिंपातले 40 कोष ठेवले आणि त्यातून 3 डास उडाले, म्हणजे 7.5 टक्के. तुलनेच्या पेल्यात 20 पैकी 18 उडाले, म्हणजे 90 टक्के. डास निघणं किती टक्के रोखलं गेलं याचं सूत्र आम्ही रोज वापरतो ते हे:

```
रोखलेले % = 100 − (औषधातले % × 100 ÷ तुलनेतले %)
           = 100 − (7.5 × 100 ÷ 90)
           = 91.7
```

नव्वदीत आकडा आला तर वडी व्यवस्थित चालली आहे, तिला हात लावू नका. तुलनेच्या पेल्यातून 80 टक्क्यांहून कमी डास उडाले तर ती तपासणी बाद समजायची आणि नव्याने करायची, जागतिक आरोग्य संघटनेच्या चाचणी-पद्धतीतही हाच दंडक आहे. घरगुती तपासणीत आकडे छोटे असतात, त्यामुळे 85 आणि 92 यातल्या फरकावर डोकं आपटू नका. 30 किंवा 40 आला तर मात्र काहीतरी बिघडलंय.

बिघडतं काय? पिंपाच्या बाबतीत सर्वांत आधी मी पाणी किती वाहून गेलं ते विचारेन. जोराचा पाऊस आला आणि पन्हाळीतून येणारं पाणी पिंप भरून वरच्या तोटीतून तासभर वाहत राहिलं, तर विरघळलेलं औषध त्यासोबत गेलं. वडी नंतर पुन्हा झिरपते, पण मधल्या काळात ज्या अळ्यांची खिडकी आली त्या सुटतात. दुसरं, वडी कुठे आहे ते बघा. तळाशी मेपलची पानं आणि गाळ साचला असेल आणि वडी त्यात रुतली असेल, तर औषध पाण्यात पसरण्याऐवजी गाळाला धरून बसतं. मेथोप्रीन पाण्यात फारसं विरघळत नाही, सेंद्रिय कचऱ्याला ते पटकन चिकटतं. आमच्या गटारांच्या चरांत हीच गोष्ट सर्वांत जास्त नडते. वडी टाकल्याची नोंद असते, पण ती चार इंच चिखलाखाली गेलेली असते. घरी उपाय सोपा: वडी जाळीच्या पिशवीत घालून दोरीने पाण्यात लोंबती ठेवा. बाहेर काढून बघताही येते किती उरली आहे ते.

तिसरी गोष्ट ऊन. मेथोप्रीन उजेडात लवकर मोडतं. उघड्या तळ्याच्या पाण्यात ते साधारण दीड दिवसात निम्मं होतं. वडी काळी असते ती उगाच नाही, तिच्यात कोळशाची भुकटी असते आणि ती आतल्या औषधाला उजेडापासून राखते. झाकलेल्या पिंपात हा प्रश्न जवळपास नाही. पण वडी कुटून भुकटी पाण्यावर पसरलीत, म्हणजे लवकर गुण येईल असं वाटून, तर महिन्याचं औषध आठवड्यात संपवाल. लोक हे करतात म्हणून लिहितोय.

चौथी शक्यता डासांना सवय होण्याची. हार्वर्डचे कॅरोल विल्यम्स यांनी 1967 मध्ये कीटकांचंच हार्मोन त्यांच्यावर औषध म्हणून वापरायची कल्पना मांडली तेव्हा एक मोठी आशा होती: कीटक स्वतःच्याच हार्मोनला दाद न देणारा कसा होईल? झोएकॉन कंपनीने मेथोप्रीन बाजारात आणलं आणि 1975 मध्ये अमेरिकेत डासांसाठी त्याची नोंदणी झाली. 1986 मध्ये फळमाशीत एक उत्परिवर्तन सापडलं, त्या माशा मेथोप्रीनच्या मोठ्या मात्रेतही तगत होत्या. हार्मोनला ओळखणारं प्रथिन म्हणून वर ज्याचा उल्लेख केला, त्याचं जनुक ते हेच, आणि आजही त्याला 'मेथोप्रीन टॉलरंट' असंच म्हणतात. प्रयोगशाळेबाहेरही हे घडलं. फ्लोरिडातल्या कॅप्टिव्हा बेटावर खाजणातल्या डासांत मेथोप्रीनला प्रतिकार आल्याचं 1998 मध्ये प्रसिद्ध झालं. तिथे दीडशे दिवसांच्या वड्या वर्षानुवर्षं वापरल्या जात होत्या. यातली गोम अशी की वडी संपत आली की पाण्यात औषध उरतं पण कमी मात्रेत. साधे डास मरतात, थोडे चिवट असलेले जगतात आणि त्यांचीच पिल्लावळ वाढते. बेट असल्यामुळे बाहेरून साधे डास येऊन मिसळण्याचं प्रमाणही कमी.

तुमच्या एका पिंपाने प्रतिकार तयार होणार नाही, पण परिसरातल्या डासांत तो आधीच असू शकतो. म्हणून मुदत उलटलेली वडी 'अजून थोडी आहे' म्हणून ठेवू नका. तिसाव्या दिवशी बदला, आणि मोसमाच्या मध्ये एखादा महिना बीटीआयची चकती वापरा. बीटीआय हा जिवाणू आहे, अळी तो गिळते आणि त्यातलं विष तिच्या आतड्यात फुटतं. बहुतेक अळ्या दिवसभरात मरतात. लगेच डोळ्यांना दिसणारा निकाल हवा असेल तर तुमच्यासाठी तेच बरं, हे मी मोकळेपणाने सांगतो. त्याची अडचण उलटी आहे: चौथ्या अवस्थेच्या अखेरीस अळी खाणं बंद करते, मग बीटीआय तिच्या पोटात जातच नाही. नेमकी ती अळी मेथोप्रीनच्या तावडीत येते.

मग आम्ही हळू चालणारं औषध वापरतोच का? गटाराच्या चरात आणि पाणथळ जागेत अळी जिवंत राहण्याचाही उपयोग असतो. ती मासे आणि चतुरांच्या पिल्लांचं खाद्य राहते, आणि मोठ्या अळ्या पाण्यातलं अन्न खात राहिल्यामुळे नव्याने जन्मलेल्या अळ्यांना ते कमी पडतं. घरच्या पिंपात हा फायदा फारसा नाही. तिथे खरा फायदा एवढाच की महिनाभर विसरता येतं.

आणखी एक. संध्याकाळी अंगणात चावणारे डास पिंपातलेच आहेत असं धरून चालू नका. दिवसाढवळ्या पायांना चावणारा, काळ्या अंगावर पांढरे पट्टे असलेला डास एडिस अल्बोपिक्टस असणार. तो फार लांब उडत नाही, पण तुमच्या आणि शेजाऱ्यांच्या अंगणात त्याला जागा पुष्कळ असतात. न्यू जर्सीत माझा पहिला संशय पन्हाळीच्या टोकाला जोडलेल्या काळ्या, घडीदार प्लास्टिकच्या नळीवर जातो. तिच्या प्रत्येक घडीत चमचाभर पाणी राहतं आणि वरून काही दिसत नाही. नळी उचलून एका टोकाने उभी करा, खाली पांढरं ताट धरा. ती काढून गुळगुळीत नळी बसवलीत तर औषधाची गरजच उरत नाही. पिंपाच्या तोंडाला आणि वरच्या तोटीला बारीक जाळी लावलीत तर तिथेही तेच.

राहिलं पुण्याचं. पाठवू नका. मेथोप्रीन पिण्याच्या पाण्याला चालत नाही असं नाही. साठवलेल्या पिण्याच्या पाण्यात अळ्यांसाठी वापरायच्या औषधांत जागतिक आरोग्य संघटनेने त्याचा विचार केला आहे. पण तुमच्या हातातली वडी अमेरिकेतल्या लेबलवर, तिथे लिहिलेल्या जागांसाठी विकलेली आहे, आणि भारतात कीटकनाशक आणायचं तर 1968 च्या कीटकनाशक कायद्याप्रमाणे त्या मालाची तिथे नोंदणी लागते. बॅगेतून नेलेल्या वडीला ती नसते. तिकडच्या डास नियंत्रण कार्यक्रमात टेमिफॉस आहे, आणि वाढ नियंत्रकांपैकी डायफ्लुबेन्झुरॉन आणि पायरीप्रॉक्सिफेन आहेत. पायरीप्रॉक्सिफेन मेथोप्रीनच्याच जातीचं, ज्युव्हेनाइल हार्मोनची नक्कल करणारं. ते कुठे टाकलेलं असेल तर तिथेही अळ्या हलताना दिसतील आणि कोषच बघावे लागतील, हे आईबाबांना सांगून ठेवा. नाहीतर फवारणीवाल्या मुलाला उगाच बोलणी बसतील.

घरच्या टाकीसाठी खरं तर औषधाच्या आधी झाकण. सिमेंटच्या टाकीचं पत्र्याचं झाकण बहुधा एका कोपऱ्यात उचललेलं असतं, आणि हवेच्या पाइपाचं तोंड उघडं असतं. त्या पाइपावर जाळी बांधायला लावा. आठवड्यातून एकदा ड्रम आणि बादल्या रिकाम्या करताना नुसतं पाणी ओतून भागत नाही, पाण्याच्या रेषेच्या जरा वरची भिंत काथ्याने घासून काढायला सांगा. एडिसची मादी अंडी तिथे चिकटवते, ती कोरडी राहूनही कित्येक महिने टिकतात आणि पाणी तिथवर चढलं की फुटतात.